‘अवघड’ जंतूचा अज्ञातवास : प्रतिजैविके, अतिसार आणि प्रोबायोटिक्सचा पुरावा

औषधाच्या दुकानात दिसणारे एक दृश्य देशभर सारखेच असते. चिठ्ठीवर पहिल्या ओळीत प्रतिजैविक असते, दुसऱ्या ओळीत आम्लपित्ताची गोळी आणि तिसऱ्या ओळीत ‘चांगल्या जंतूंची’ कॅप्सूल. कधी कधी तिसऱ्या ओळीची गरजही उरत नाही. अमॉक्सिसिलिन आणि ‘लॅक्टिक अ‍ॅसिड बॅसिलस’ एकाच कॅप्सूलमध्ये भरून मिळतात. जंतू मारणारे औषध आणि जंतू हे एकाच आवरणात गुण्यागोविंदाने कसे नांदतात, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही.

त्या तिसऱ्या ओळीमागे एक समजूत आहे. प्रतिजैविकाने आतड्यातील उपयुक्त जंतू मरतात, त्यामुळे जुलाब होतात, म्हणून तितकेच जंतू वरून भरून द्यावेत. समजुतीचा पहिला अर्धा भाग बरोबर आहे आणि तो सिद्ध व्हायला चाळीस वर्षांहून अधिक काळ लागला. दुसरा अर्धा भाग किती खरा आहे, हे पाहण्यासाठी पहिल्याचा इतिहास समजून घ्यावा लागतो.

हा इतिहास अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हर शहरात सुरू होतो. १९३५ मध्ये आयव्हन हॉल आणि एलिझाबेथ ओ’टूल हे दोन संशोधक नवजात बालकांच्या आतड्यात कोणते जंतू कधी वस्तीला येतात याचा अभ्यास करत होते. त्यांनी तपासलेल्या दहा निरोगी बालकांपैकी चार बालकांच्या शौचात त्यांना एक अपरिचित, दंडाकृती, ऑक्सिजनचा स्पर्शही न सोसणारा जंतू सापडला. तो वेगळा काढणे आणि वाढवणे इतके कष्टाचे होते, की त्यांनी त्याचे नावच ‘बॅसिलस डिफिसिलिस’, म्हणजे अवघड जंतू, असे ठेवले. त्याच्या संवर्धनातील द्रव गिनीपिग व सशांना टोचला असता ते मरत. म्हणजे जंतू प्रखर विष तयार करत होता. आणि तरीही ज्यांच्या पोटात तो होता, ती बालके मजेत होती.

प्राण्यांना मारणारा आणि बाळांना न छेडणारा जंतू वैद्यकाला त्या काळी निरुपयोगी वाटला, यात नवल नाही. त्याची नोंद झाली आणि ती नोंद ग्रंथालयात पडून राहिली. या जंतूचा अज्ञातवास येथून सुरू झाला.

पुढे प्रतिजैविकांचे युग आले. १९४० मध्ये फ्लोरी यांच्या ऑक्सफर्डमधील गटाने पेनिसिलिनची पहिली निर्णायक परीक्षा उंदरांवर घेतली आणि औषध मिळालेले उंदीर जगले. ते गिनीपिग नव्हते हे जगाचे भाग्य म्हणावे लागेल. कारण तीनच वर्षांनी, १९४३ मध्ये, हॅम्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवले, की पेनिसिलिनने गिनीपिग मरतात. शवविच्छेदनात मोठ्या आतड्याचा आरंभभाग सुजलेला, रक्तस्राव झालेला आढळे. औषधात काही विषारी भेसळ असावी, असा तर्क करून विषय तेथेच थांबला.

माणसांमध्येही काहीतरी घडत होते. १९५० च्या दशकात शस्त्रक्रियेपूर्वी आतडे ‘निर्जंतुक’ करण्यासाठी तोंडाने प्रतिजैविके देण्याची पद्धत रुळली. अशा काही रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर भयंकर जुलाब होत, आतड्याच्या आतल्या बाजूवर पिवळसर चट्ट्यांचे पापुद्रे धरत आणि अनेक जण दगावत. या पापुद्र्यांना छद्मपटल म्हणतात. ते खरे पटल नसून मृत पेशी, तंतुमय प्रथिन आणि पांढऱ्या रक्तपेशी यांचा थर असतो. रोग नवा नव्हता. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात फिनी या शल्यविशारदाने १८९३ मध्येच, म्हणजे प्रतिजैविकांच्या कितीतरी आधी, असा एक रुग्ण नोंदवला होता. नवे होते ते त्याचे वाढलेले प्रमाण.

गुन्हेगार कोण, याविषयी त्या काळी कोणालाच फारसा संशय नव्हता. शौचाचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की द्राक्षाच्या घडासारखे गोल जंतू दिसत. तो स्टॅफिलोकॉकस. तो कोणत्याही साध्या माध्यमावर, उघड्या हवेत, एका रात्रीत वाढतो. उपचार म्हणून तोंडाने व्हँकोमायसिन दिले जाई आणि रुग्ण बरे होत. निदान आणि गुण यांचा इतका सुरेख मेळ बसल्यावर शंका कोण घेणार? वस्तुस्थिती अशी होती, की व्हँकोमायसिन स्टॅफिलोकॉकसला मारते आणि हॉल यांच्या त्या ‘अवघड’ जंतूलाही मारते. औषध बरोबर होते आणि आरोपी बहुधा चुकीचा होता. औषधाने गुण आला म्हणजे निदान खरे ठरले, असे मानण्यातला धोका दाखवणारे याहून चांगले उदाहरण मला तरी माहीत नाही.

याच काळात, १९५८ मध्ये, पुन्हा डेन्व्हरमध्येच, बेन आयझमन या शल्यविशारदाने एक धाडसी उपाय केला. छद्मपटलयुक्त आतड्याच्या दाहाने अत्यवस्थ झालेल्या चार रुग्णांना त्याने निरोगी माणसाच्या विष्ठेचा बस्ती दिला. चौघेही झपाट्याने सुधारले. आयझमनही गुन्हेगार स्टॅफिलोकॉकसच आहे असे मानत होता, पण त्याचा मूळ विचार जंतूच्या नावावर अवलंबून नव्हता. प्रतिजैविकाने ओसाड पडलेल्या आतड्यात जुनी वस्ती परत आणून बसवावी, इतकेच त्याचे म्हणणे होते. अशा रीतीने एकाच शहरात तेवीस वर्षांच्या अंतराने रोगाचा कर्ता आणि रोगाचा उपाय दोन्ही हाती लागले होते. दोन शोधांमधला दुवा मात्र कोणालाच दिसला नव्हता.

तो दुवा दिसण्याची सुरुवात सेंट लुइस शहरात झाली. क्लिंडामायसिन हे त्या काळी नवे आणि लोकप्रिय प्रतिजैविक होते. टेडेस्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे औषध घेणाऱ्या २०० रुग्णांवर सलग लक्ष ठेवले आणि ज्यांना जुलाब झाले त्यांच्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी केली. १९७४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ४२ जणांना जुलाब झाले होते आणि २० जणांच्या आतड्यात छद्मपटल होते. दहा रुग्णांत एक, हे प्रमाण धक्कादायक होते. पण इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट वेगळी होती. या रुग्णांच्या शौचात स्टॅफिलोकॉकस सापडला नाही. वीस वर्षे ज्याच्यावर खटला चालला, तो घटनास्थळी हजरच नव्हता.

आता शोध वेगाने पुढे गेला. बॉस्टनमध्ये जॉन बार्टलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅम्स्टरवर प्रयोग केले. क्लिंडामायसिनच्या अल्प मात्रेनेही हे प्राणी काही दिवसांत आतड्याच्या दाहाने मरतात. मेलेल्या प्राण्याच्या आतड्यातील द्रव गाळून, म्हणजे त्यातील जंतू काढून टाकून, तो निरोगी हॅम्स्टरला दिला तरी तोही मरे. म्हणजे मारक गोष्ट जंतूच्या शरीरात नव्हती, त्याने सोडलेल्या विषात होती. व्हँकोमायसिन सुरू असेपर्यंत प्राणी जगत आणि ते थांबवल्यावर काही दिवसांनी मरत. आज रुग्णशय्येपाशी जी ‘उलटून येण्याची’ चिंता असते, तिचे चित्र हॅम्स्टरच्या पिंजऱ्यात तेव्हाच उमटले होते.

याच सुमारास इंग्लंडमध्ये लार्सन, प्राइस आणि इतर संशोधक रुग्णांच्या शौचात विषाणू शोधत होते. त्यांना विषाणू सापडला नाही, पण शौचाचा गाळलेला द्रव प्रयोगशाळेतील पेशींवर टाकला की त्या आक्रसून गोल होत. हे काम विषाचेच होते. ते विष कोणाचे, याचा सुगावा एका अनपेक्षित ठिकाणी लागला. वायुकोथासाठी, म्हणजे गॅस गँगरीनसाठी, क्लॉस्ट्रिडियम कुळातील निरनिराळ्या जंतूंवरची प्रतिविषे तयार मिळत असत. त्यांपैकी क्लॉस्ट्रिडियम सॉर्डेली या जातीच्या प्रतिविषाने हे नवे विष निष्प्रभ झाले. साहजिकच संशय सॉर्डेलीवर गेला. पण रुग्णांच्या शौचात सॉर्डेली सापडेना. सापडला तो त्याचा नातलग, ज्याचे विष इतके साम्य राखून होते की एकाचे प्रतिविष दुसऱ्यालाही चाले. १९७८ मध्ये दोन्ही देशांतील गटांनी त्याची ओळख पटवली. तो १९३५ मधलाच जंतू होता. नाव आता क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल असे झाले होते. त्रेचाळीस वर्षांनी अज्ञातवास संपला.

इतका काळ तो लपला कसा? एक कारण तांत्रिक आहे. हवेत ठेवलेल्या ताटलीवर तो वाढतच नाही आणि वाढलाच तर शौचातील इतर जंतूंच्या गर्दीत हरवतो. १९७९ मध्ये फाइनगोल्ड यांच्या गटाने दोन प्रतिजैविके आणि फ्रुक्टोज घातलेले खास माध्यम तयार केले, त्यात इतर जंतू दबतात आणि हा तेवढा उगवतो. त्या ताटलीला घोड्यांच्या पागेसारखा वास येतो आणि अनुभवी तंत्रज्ञ पुष्कळदा त्या वासावरूनच सावध होतात.

पण लपण्याचे खोल कारण वेगळे आहे, आणि प्रोबायोटिक्सचा प्रश्न त्याच्याशीच जोडलेला आहे. हा जंतू हवेत बीजाणूच्या रूपाने तग धरतो. बीजाणू म्हणजे जाड कवचातले निद्रिस्त रूप. ते महिनोन्महिने टिकते आणि अल्कोहोलने मरत नाही. असे बीजाणू आपल्यापैकी अनेकांच्या पोटात जातात, पण निरोगी प्रौढाच्या आतड्यात त्यांना पाय रोवता येत नाहीत. यकृतातून येणारी मूळ पित्ताम्ले बीजाणूला जागे होण्याचा इशारा देतात. मोठ्या आतड्यात राहणारे काही विशिष्ट जंतू या पित्ताम्लांचे रासायनिक रूपांतर करतात आणि ती रूपांतरित आम्ले जाग्या झालेल्या जंतूची वाढ रोखतात. हे रूपांतर करणाऱ्या जाती थोड्या आहेत. क्लॉस्ट्रिडियम सिंडेन्स ही त्यांतली एक. म्हणजे शत्रूच्याच जुन्या कुळातला हा पहारेकरी. प्रतिजैविकाने पहारेकरी मेले, की जागे करणारी आम्ले शिल्लक राहतात आणि रोखणारी नाहीशी होतात. अन्नासाठीची स्पर्धाही संपते. जंतू वाढतो, दोन विषे सोडतो आणि ती आतड्याच्या पेशींचा आधार देणारा सांगाडा ढासळवतात. इंग्लंडमधल्या पेशी गोल का झाल्या, त्याचे उत्तर हेच.

एक खुलासा येथेच करायला हवा. प्रतिजैविकानंतरचा प्रत्येक जुलाब या जंतूमुळे होत नाही. अशा अतिसाराच्या सुमारे दहा ते पंचवीस टक्के रुग्णांतच तो कारण असतो. उरलेल्यांत बहुधा न पचलेली शर्करा आंबवणारे जंतू कमी झाल्याने पाणी आतड्यात राहते किंवा औषध आतड्याची हालचालच वाढवते, जसे एरिथ्रोमायसिन करते. हे जुलाब त्रासदायक असतात, पण औषध थांबले की थांबतात. प्रोबायोटिक्सच्या चाचण्या वाचताना ‘सर्व जुलाब’ आणि ‘डिफिसिलचा जुलाब’ हे दोन आकडे वेगळे ठेवले नाहीत, तर गोंधळ ठरलेला.

आता त्या तिसऱ्या ओळीकडे वळू. २००७ मध्ये लंडनमधील एका चाचणीचा निकाल ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला आणि जगभर गाजला. प्रतिजैविके घेणाऱ्या १३५ वयस्क रुग्णांपैकी निम्म्यांना लॅक्टोबॅसिलसयुक्त आंबवलेले दुधाचे पेय आणि निम्म्यांना जंतुविरहित मिल्कशेक देण्यात आला. ज्यांची माहिती पूर्ण मिळाली, त्यांत पेय घेणाऱ्या ५७ पैकी ७ जणांना जुलाब झाले आणि दुसऱ्या गटातील ५६ पैकी १९ जणांना. डिफिसिलचा संसर्ग पेयाच्या गटात एकालाही नाही आणि दुसऱ्या गटात ५३ पैकी ९ जणांना झाला. इतका ठळक फरक औषधशास्त्रात क्वचितच दिसतो.

टीकाकारांनी मात्र लगेच बोट ठेवले. सुमारे १७०० रुग्ण चाळून त्यांतले जेमतेम आठ टक्केच चाचणीत घेतले होते आणि ज्या प्रतिजैविकांनी धोका सर्वाधिक असतो, ती घेणारे वगळले होते. जुलाबाच्या चाचणीत तुलनेसाठी दूधच दिले, तर दूध न पचणाऱ्यांचे जुलाबही त्या गटाच्या खात्यावर जमा होतील, हाही आक्षेप होताच. पण मला सर्वांत बोलका आकडा वेगळाच वाटतो. तुलनेच्या गटात ५३ पैकी ९, म्हणजे १७ टक्के रुग्णांना डिफिसिलची लागण झाली. इतकी लागण ज्या वॉर्डांत होते, त्या वॉर्डांतच काहीतरी गंभीर बिघडलेले असते.

सहा वर्षांनी, २०१३ मध्ये, ‘लॅन्सेट’मध्ये प्लासाइड या चाचणीचा निकाल आला. वेल्सचा दक्षिण भाग आणि इंग्लंडचा ईशान्य भाग येथील पाच रुग्णालयांतील ६५ वर्षांवरील २९४१ रुग्णांची माहिती त्यात होती, म्हणजे लंडनच्या चाचणीच्या वीसपटींहून अधिक. लॅक्टोबॅसिलस आणि बायफिडोबॅक्टेरियम यांच्या एकूण चार वाणांचे रोज सहा हजार कोटी जिवंत जंतू २१ दिवस देण्यात आले. जुलाब झाले ते प्रोबायोटिक गटात १०.८ टक्क्यांना आणि निष्क्रिय कॅप्सूलच्या गटात १०.४ टक्क्यांना. डिफिसिलचा जुलाब पहिल्या गटात १२ जणांना आणि दुसऱ्यात १७ जणांना झाला. फरक योगायोगाच्या मर्यादेत बसणारा. उपयोग दिसला नाही.

एक चाचणी सांगते चमत्कार, दुसरी सांगते शून्य. यावर ‘डॉक्टरांचेच एकमत नाही’ म्हणून विषय सोडून देणे सोपे आहे. पण दोन्ही निकालांमधली पायाभूत जोखीम पाहा. लंडनमध्ये तुलनेच्या गटातील १७ टक्के रुग्णांना डिफिसिल झाला होता, प्लासाइडमध्ये १.२ टक्क्यांना. मधल्या काळात इंग्लंडमध्ये मोठी घडामोड झाली होती. २००० नंतर एक प्रखर वाण कॅनडा, अमेरिका आणि ब्रिटनमध्ये पसरला होता आणि तो फ्लुओरोक्विनोलोन गटाच्या औषधांना दाद देत नव्हता. इंग्लंडने त्या औषधांचा वापर आवळला, प्रत्येक रुग्ण कळवणे सक्तीचे केले, वॉर्डांची स्वच्छता आणि रुग्णांना वेगळे ठेवणे यांत शिस्त आणली. २००७-०८ मध्ये वर्षाला सुमारे ५५ हजार रुग्ण नोंदले जात, ते पाच वर्षांत सुमारे १५ हजारांवर आले. ज्या रोगापासून वाचवायचे तोच विरळ झाला, तर वाचवणाऱ्या कॅप्सूलला करण्यासारखे फारसे उरत नाही.

२०१७ च्या कॉक्रेन आढाव्याने ३१ चाचण्यांतील ८६७२ रुग्णांची माहिती एकत्र केली. डिफिसिलचा जुलाब ४ टक्क्यांवरून १.५ टक्क्यांवर आलेला दिसला. सरासरी चांगली आहे. पण ज्या चाचण्यांत पायाभूत जोखीम पाच टक्क्यांहून अधिक होती, तेथे ११.६ टक्क्यांचे ३.१ झाले आणि जेथे ती पाच टक्के किंवा कमी होती, तेथे फायदा दिसलाच नाही. हिशोब करून पाहू. जास्त जोखमीच्या वॉर्डात हजार रुग्णांना प्रोबायोटिक दिले, तर ११६ ऐवजी ३१ जणांना लागण होईल, म्हणजे साधारण बारा जणांना कॅप्सूल दिल्यावर एक जण वाचेल. प्लासाइडसारख्या वॉर्डात हजारांमागे १२ ऐवजी ८, आणि तो फरकही खरा आहे असे म्हणता येत नाही. ही विभागणी आकडे हाती आल्यानंतर केलेली आहे, त्यामुळे ती अंतिम मानू नये. तरी ज्या चिठ्ठीवर ही कॅप्सूल सर्रास लिहिली जाते, त्या घशाच्या संसर्गावर पाच दिवस गोळ्या घेणाऱ्या तरुणाची जोखीम कोणत्या टोकाला आहे, हे सांगायला नको.

मुलांच्या बाबतीत चित्र थोडे अधिक आशादायक आहे. २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात प्रतिजैविके घेणाऱ्या मुलांपैकी प्रोबायोटिक घेणाऱ्या ८ टक्क्यांना आणि न घेणाऱ्या १९ टक्क्यांना जुलाब झाले. पण हा आकडा सर्व जुलाबांचा आहे आणि ते बहुतेक सौम्य असतात. झालेला डिफिसिल बरा करण्यासाठी प्रोबायोटिक द्यावे, असा पुरावा मुलांतही नाही आणि प्रौढांतही नाही. सॅकरोमायसिस बोलार्डी या यीस्टने १९९४ मधील एका चाचणीत उलटून येण्याचे प्रमाण कमी केले होते, तेही ज्यांना रोग आधीच उलटला होता त्यांच्यातच. नंतरच्या चाचणीत तो फायदा फक्त व्हँकोमायसिनच्या मोठ्या मात्रेसोबत टिकला. तज्ज्ञ संस्थांची मतेही यामुळे विभागलेली आहेत. अमेरिकेतील एका संस्थेने २०२० मध्ये काही ठरावीक वाण प्रतिबंधासाठी सौम्य शब्दांत सुचवले, तर दुसरीने २०२१ मध्ये ते न देण्याचा सल्ला दिला.

मग आयझमनच्या बस्तीचे काय झाले? २०१३ मध्येच ॲमस्टरडॅममधील चाचणीचा निकाल आला. वारंवार उलटणाऱ्या डिफिसिलच्या १६ रुग्णांना निरोगी दात्याची प्रक्रिया केलेली विष्ठा नळीने लहान आतड्यात देण्यात आली. १३ जण पहिल्याच वेळी बरे झाले आणि उरलेल्या तिघांपैकी दोघे दुसऱ्या वेळी. केवळ व्हँकोमायसिन मिळालेल्या १३ पैकी चारच बरे झाले. फरक इतका उघड होता, की चाचणी मध्येच थांबवावी लागली. विष्ठेत शेकडो जाती असतात आणि त्यांत पित्ताम्ल बदलणारे पहारेकरीही येतात. दुकानातील कॅप्सूलमध्ये एकापासून दहाबारा वाण असतात आणि ते बहुधा दूध आंबवणाऱ्या कुळांतले, कारण ते कारखान्यात वाढवायला सोपे. ओसाड गावात शंभर निरनिराळ्या व्यवसायांची माणसे परत आणणे वेगळे आणि एकाच व्यवसायाची हजार माणसे आणणे वेगळे.

उलट ती हजार माणसे जुन्या रहिवाशांचा परतीचा रस्ताही अडवू शकतात. इस्राएलमधील वाइझमन संस्थेच्या २०१८ मधील अभ्यासात २१ निरोगी स्वयंसेवकांना आठवडाभर प्रतिजैविके देण्यात आली. ज्यांना अकरा वाणांचे प्रोबायोटिक मिळाले, त्यांच्या आतड्यातील मूळ वस्ती परतायला काहीच न घेणाऱ्यांपेक्षा अधिक काळ लागला. अभ्यास छोटा आहे आणि त्यात कोणी आजारी पडले नाही, म्हणून त्यावरून भीती पसरवू नये. पण ‘निदान अपाय तरी नाही’ हे वाक्य पुरेशी तपासणी न करता म्हटले जाते, एवढे त्यातून निश्चित दिसते. अतिदक्षता विभागातील, मध्यवर्ती शिरेत नळी असलेल्या रुग्णांच्या रक्तात बोलार्डी यीस्ट शिरल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. विष्ठारोपणही निर्धोक नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत अशा उपचारातून औषधांना न जुमानणारा ई. कोलाय संक्रमित होऊन एक रुग्ण दगावला आणि दात्यांच्या चाचण्या कडक झाल्या.

आता हे सारे ज्ञान भारतातील एका खाटेपाशी लावून पाहू. समजा, ७२ वर्षांच्या एक आजी न्यूमोनियासाठी दाखल आहेत. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि आम्लविरोधी पँटोप्राझोल सुरू आहे. सहाव्या दिवशी त्यांना चोवीस तासांत पाच पातळ जुलाब होतात आणि पांढऱ्या पेशी वाढतात. पहिला प्रश्न, त्यांना बद्धकोष्ठासाठी रेचक दिले होते का? हा प्रश्न विसरला जातो आणि तपासणीचा गोंधळ तेथूनच सुरू होतो. दुसरा, ते प्रतिजैविक अजून लागते का, की थांबवता किंवा बदलता येईल? आम्लविरोधी गोळीची तरी गरज उरली आहे का? शौचाचा नमुना पातळ असेल तरच पाठवावा आणि जंतू आहे एवढेच न पाहता त्याचे विष आहे का तेही पाहावे, कारण काही जण जंतूचे नुसते वाहक असतात. याच कारणाने वर्षाखालील बाळांची तपासणी सहसा करत नाहीत. हॉल यांची बाळे आठवावीत. विष आढळले तर व्हँकोमायसिन १२५ मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा दहा दिवस, आणि ते तोंडानेच. शिरेतून दिलेले व्हँकोमायसिन आतड्याच्या पोकळीत पोहोचत नाही, त्यामुळे या रोगावर ते निरुपयोगी ठरते. बरे वाटल्यावर पुन्हा तपासणी करू नये, ती दीर्घकाळ सकारात्मक राहू शकते. खोलीच्या दाराशी अडकवलेला सॅनिटायझर बीजाणूंपुढे हतबल असतो, म्हणून हात साबण-पाण्यानेच धुवावे लागतात आणि पृष्ठभाग सोडियम हायपोक्लोराइटने पुसावे लागतात.

या उपचारात तिसऱ्या ओळीच्या कॅप्सूलला जागा नाही. आधी, प्रतिजैविक सुरू करतानाच, ती द्यावी का? त्याचे उत्तर त्या वॉर्डात डिफिसिल किती आढळतो यावर अवलंबून आहे, आणि आपली अडचण नेमकी तेथे आहे. चंडीगढच्या पीजीआयएमईआरसारख्या संस्थांत चेतना वैष्णवी आणि इतरांनी अनेक वर्षे या जंतूवर काम केले आहे, पण देशातील बहुतेक रुग्णालयांत ऑक्सिजनविरहित संवर्धनाची सोयच नाही. जेथे मोजलेच जात नाही, तेथे जोखीम पाच टक्क्यांच्या वर की खाली, हे कोण सांगणार?

शिवाय कॅप्सूलमध्ये काय आहे, हाही प्रश्न उरतो. भारतात ‘लॅक्टिक अ‍ॅसिड बॅसिलस’ किंवा ‘लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेनीस’ म्हणून विकला जाणारा जंतू लॅक्टोबॅसिलस नाहीच. तो बॅसिलस कोअ‍ॅग्युलन्स हा बीजाणू करणारा जंतू आहे. प्रतिजैविकाशेजारी एकाच आवरणात तो टिकतो, त्याचे रहस्य या बीजाणूत आहे. पण लंडनच्या किंवा प्लासाइडच्या चाचणीत तो नव्हता, म्हणून त्यांचे निकाल त्याला लावता येत नाहीत. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०११ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अन्नातील प्रोबायोटिकची ओळख वाणापर्यंत पटवावी, असे म्हटले आहे. त्याचे कारण हेच. ओडिशात ४५५६ नवजात बालकांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या चाचणीत लॅक्टोबॅसिलस प्लँटारमच्या एका वाणाने, सोबत दिलेल्या शर्करेसह, रक्तदोष आणि मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आणले. ती भारताच्या अभिमानाची चाचणी आहे, पण तिचा पुरावा त्या वाणाचा, त्या बाळांचा आणि त्या रोगाचा आहे.

घरच्या दह्या-ताकाविषयी हमखास विचारले जाते. त्यातील जंतूंचे वाण आणि संख्या घरोघरी आणि रोज बदलते, त्यामुळे चाचणीचे निकाल वाटीभर दह्याला चिकटवता येत नाहीत. अन्न म्हणून ते खावे. मात्र सिप्रोफ्लॉक्सॅसिनची गोळी त्याच घासाबरोबर घेऊ नये. दुधातील कॅल्शियम त्या औषधाला बांधून ठेवते आणि ते रक्तात कमी पोहोचते.

या जंतूचे नाव २०१६ मध्ये पुन्हा बदलले. जनुकांच्या अभ्यासावरून तो क्लॉस्ट्रिडियम कुळाचा खरा सदस्य नाही, हे ठरले होते आणि ‘पेप्टोक्लॉस्ट्रिडियम’ हे नाव सुचवले गेले होते. ते स्वीकारले असते तर जगभरचे फलक, तक्ते आणि डॉक्टरांच्या तोंडी बसलेले ‘सी. डिफ’ हे लघुरूप बदलावे लागले असते. म्हणून लॉसन, सिट्रॉन, टायरेल आणि फाइनगोल्ड यांनी ‘क्लॉस्ट्रिडिऑइडीस’, म्हणजे क्लॉस्ट्रिडियमसारखा दिसणारा, असे नाव सुचवले आणि आद्याक्षर वाचवले. हॉल आणि ओ’टूल यांनी दिलेला ‘डिफिसिल’ हा दुसरा शब्द मात्र कोणी बदलला नाही.